दोन्हीकडचं मीठ खाणारा माणूस

कुणी विरार लोकलमध्ये दाराला लटकून ऐकत असाल तर एक कान गाडीच्या आवाजाकडे ठेवा, आणि ज्यांनी आमच्या वसईच्या मालिकेचा शेवटचा भाग अजून ऐकला नाही त्यांनी इथेच थांबा. आज मी शेवट फोडणार आहे. त्याशिवाय हे सांगताच येणार नाही.

बरेच जण विचारतात की तो दुभाषी शेवटपर्यंत कळला कसा नाही. कोणाचा होता तो, मराठ्यांचा की पोर्तुगिजांचा? आधी एक स्पष्ट करतो, तो माणूस खरा नाही, मी रचलेला आहे. त्याच्या भोवतीचं जग मात्र खरं आहे. १५३४ पासून वसई पोर्तुगिजांकडे होती. १७३७ मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली, आधी ठाणं पडलं, आणि १७३९ च्या सुरुवातीपासून चिमाजी अप्पांच्या फौजेचा वसईच्या किल्ल्याला वेढा होता. १६ मे १७३९ ला शरणागतीचा करार झाला, २३ मे ला पोर्तुगीज बाहेर पडले. या मोहिमेत स्थानिक माणसांचा वाटा मोठा होता. भिवंडीजवळच्या अणजूरचे गंगाजी नाईक हे त्यातलं ठळक नाव. पोर्तुगिजांच्या मुलखात राहणारी माणसं पेशव्यांशी संधान बांधून होती, हे वाचलं तेव्हाच मला कथा सापडली. अशा माणसाच्या घरी रोज जेवायला पोर्तुगीज अधिकारी येत असेल तर?

तर आमचा दुभाषी किल्ल्यात पोर्तुगिजांची पत्रं लिहितो, आणि रात्री खाडी ओलांडून मराठ्यांना बातम्या पोचवतो. पोर्तुगिजांना वाटतं की तो मराठ्यांना खोटं पोचवायला जातो. मराठ्यांना वाटतं की तो पोर्तुगिजांना फसवून येतो. ऐकणाऱ्याला दोन्ही वाटलं पाहिजे, आणि तेही प्रत्येक भागाच्या शेवटी. अवघड हेच आहे.

पहिल्या खर्ड्यात मी काय केलं, तर त्याला गूढ केलं. तो कमी बोलायचा, खिडकीतून बघत बसायचा. चार भाग मित्रांना ऐकवले आणि प्रत्येकाला विचारलं, कोणाचा वाटतो? सगळे म्हणाले, ‘माहीत नाही, आणि खरं सांगू का, फरकही पडत नाही.’ तेव्हा लक्षात आलं की न सांगणं म्हणजे संदिग्ध असणं नव्हे. ऐकणाऱ्याकडे दोन भक्कम उत्तरं हवीत, आणि दोन्हींच्या बाजूने भांडता यायला हवं. हातात एकही उत्तर नसलं की माणूस ऐकणंच सोडतो.

मग मी वहीत दोन रकाने आखले. प्रत्येक प्रसंगासमोर डावीकडे लिहायचं, तो मराठ्यांचा असेल तर हे का केलं. उजवीकडे लिहायचं, पोर्तुगिजांचा असेल तर का केलं. एखादा रकाना रिकामा राहिला किंवा तिथे ओढूनताणून काही लिहावं लागलं, तर तो प्रसंग फाडायचा. तब्बल दोन भाग असे गेले. त्यातला एक मला फार आवडायचा.

या रकान्यांमधून एक गोष्ट कळली. अशा हेराचं मुख्य काम खोटं बोलणं नसतंच. खोटं एकदा पकडलं की माणूस संपला. तो खरं सांगतो, पण उशिरा सांगतो. दुसऱ्या महायुद्धात हुआन पुजोल नावाचा स्पॅनिश माणूस जर्मनांसाठी हेरगिरी करायचा, आणि खरं तर इंग्रजांचा होता. ६ जून १९४४ ला दोस्त फौजा नॉर्मंडीला उतरणार होत्या. इंग्रजांनी त्यालाच पहाटे तीनला जर्मनांना खरी सूचना द्यायला लावली, की फौजा निघाल्यात. उद्देश हा की बातमी खरी ठरावी पण कामाची नसावी. गंमत म्हणजे माद्रिदच्या जर्मन केंद्रावर तेव्हा कोणी ऐकतच नव्हतं, आणि सूचना घेतली गेली सकाळी आठच्या आसपास. पुजोलवरचा जर्मनांचा विश्वास उलट वाढला. त्या एका माणसाला जर्मनांकडून आयर्न क्रॉस आणि इंग्रजांकडून एम. बी. ई., असे दोन्हीकडचे सन्मान मिळाले.

आमच्या कथेत उशीर करायला रेडिओ नव्हता, पण खाडी होती. वेढ्यात जमिनीकडून बाहेर पडणं अशक्य, म्हणून तो बंदर दरवाजातून होडीने निघतो आणि पलीकडे धारावीच्या बाजूला जातो. ही भाईंदरकडची धारावी बरं का, मुंबईतली नव्हे. मराठ्यांनी तीही घेतली होती. आता होडी म्हटलं की भरती-ओहोटी आलीच. उशीर झाला तर तो म्हणणार, ‘पाणी नव्हतं.’ ते खरंही असेल, बहाणाही असेल.

मी पहिल्यांदा तो प्रसंग अमावस्येच्या मध्यरात्री लिहिला. काळोख हवा ना! पोर्तुगिजांची एक तुकडी रात्री बाहेर पडून मोर्चांवर छापा घालणार आहे, ही बातमी त्याला पोचवायची आहे, आणि तो पहाटे पोचतो. म्हणतो, ‘ओहोटी होती, होडी गाळात बसली.’ आमच्याकडे पाचूबंदरला मासेमारी करणारे एक काका आहेत, त्यांना हे ऐकवलं. काका हसायलाच लागले. म्हणाले, ‘अरे पोरा, अमावस्येला मध्यरात्री भरती असते. त्यात उधाणाचं पाणी. तुझा माणूस सरळ खोटं बोलतोय.’

हिशेब सोपा आहे. आपल्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला भरती साधारण दुपारी बारा आणि रात्री बारा या सुमारास. मग रोज ती पाऊण-पन्नास मिनिटं पुढे सरकते. अष्टमीपर्यंत सहा तास सरकते, म्हणजे अष्टमीला भरती सहाच्या आसपास आणि ओहोटी मध्यरात्री. मी चुकीची तिथी टाकली आणि माझ्या हेराला नकळत मराठ्यांशी बेइमान करून टाकलं. अशा कथेत लेखकाची चूक चूक म्हणून दिसतच नाही, ती पुरावा म्हणून दिसते. वसईतल्या निम्म्या श्रोत्यांनी दुसऱ्या भागातच निकाल लावला असता.

मी म्हटलं, ठीक आहे, वद्य अष्टमी करतो. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो, तोवर काळोखही मिळतो आणि मध्यरात्री ओहोटीही मिळते. काका परत थांबले. ‘अष्टमीला भांग असतो. पाणी उतरतं, पण उधाणासारखं उतरत नाही. होडी बसेल का? बसेलही. चार हात ढकलली तर निघेलही.’ हे ऐकलं आणि मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. हेच तर हवं होतं! ओहोटी खरी आहे, होडी बसल्याचा दावा शक्य आहे, पण शंभर टक्के पटणारा नाही. ज्याला खाडी माहीत नाही तो दुभाष्यावर विश्वास ठेवतो, ज्याला माहीत आहे तो भुवया उंचावतो, आणि दोघांपैकी कोणीच चूक नाही.

आता हे सांगतो कोण? पहिल्या खर्ड्यात दुभाषी स्वतःच बोलायचा. ते जमत नाही. त्याच्या डोक्यात शिरलात आणि त्याला माहीत असलेली सगळ्यात मोठी गोष्ट लपवलीत, तर ती लबाडी आहे. पात्र खोटं बोललं तर श्रोता माफ करतो, निवेदक खोटं बोलला तर करत नाही. म्हणून निवेदक केला होडी वल्हवणारा पोऱ्या. त्याला हात दिसतात, थबकलेलं पाऊल दिसतं, ओझरतं बोलणं ऐकू येतं. अर्थ तो आपल्या वयाप्रमाणे लावतो, कधी बरोबर कधी चूक. गाळात बसलेल्या होडीच्या रात्री त्याला एवढंच आठवतं, की मालक उतरला नाही आणि ढकल असंही म्हणाला नाही.

मग शेवट. सोपा शेवट हा होता की २३ मे ला पोर्तुगीज जहाजात चढताना तो चढतो की थांबतो ते दाखवायचं. पण चढला तरी काही सिद्ध होत नाही, थांबला तरी नाही. आधीचं सगळं दोन अर्थांचं आहे, म्हणून शेवटची कृती अशी हवी की तिला एकच अर्थ असेल, आणि ती करताना त्याचं काही जात असेल.

मी ती करारात शोधली. किल्ल्यातल्यांना आपली माणसं आणि सामान घेऊन निघायची मुभा मिळाली, आणि मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळायची. हे करारातलं खरं आहे. ते कसं आलं ही माझी कल्पना. वाटाघाटीच्या तंबूत दोन्ही भाषा जाणणारा तो एकटाच. पोर्तुगीज अधिकारी फक्त निघून जाणाऱ्यांबद्दल बोलतो. पोऱ्या दाराशी उभा आहे, त्याला मोडकं पोर्तुगीज कळतं, म्हणून श्रोत्याला मूळ वाक्य आधी कळतं. मग दुभाषी मराठीत सांगतो, आणि त्यात एक वाक्य जास्त असतं. मागे राहणाऱ्यांचं. मराठे मान डोलावतात. तो पोर्तुगीजकडे वळतो आणि सांगतो की ही मागणी मराठ्यांनीच केली आहे.

दोन्ही धन्यांशी एकाच श्वासात खोटं, अख्ख्या मालिकेतलं पहिलं. पकडलं गेलं तर दोन्हीकडून गर्दन जाणार. आणि ते ना मराठ्यांसाठी ना पोर्तुगिजांसाठी, तर किल्ल्याबाहेरच्या त्याच्या वाडीसाठी, जिथली माणसं कुठेच जाणार नव्हती.

इथे एक धोका होता. ‘तो कोणाचाच नव्हता’ हा शेवट फार जणांनी केलेला आहे, आणि बहुतेक वेळा ती लेखकाची पळवाट असते. ओळखायचं कसं? मी वहीत तिसरा रकाना काढला, ‘वाडी’, आणि पहिल्या भागापासून परत भरत आलो. छाप्याची बातमी उशिरा दिली, कारण तुकडीची वाट वाडीतून जात होती आणि मराठे सावध असते तर लढाई तिथेच पेटली असती. मराठ्यांच्या तोफा कुठे हलल्या हे पोर्तुगिजांना उशिरा कळवलं, कारण त्या वाडीच्या केळीत मांडल्या होत्या आणि लगेच कळवलं असतं तर गोळे तिथेच पडले असते. दोन ठिकाणी रकाना रिकामा राहिला, ते प्रसंग पुन्हा लिहिले. आणि वाडीचा उल्लेख आधी कुठेच नव्हता, तो तीनदा पेरावा लागला. एकदा केळ्यांच्या लोंगरातून, एकदा आईच्या निरोपातून, आणि एकदा असाच, की होडी परतताना तो नेहमी उत्तरेकडे बघायचा. तिसरा पोऱ्याने सांगितला, आणि त्याने त्याचा अर्थ चुकीचा लावला. त्याला वाटलं, मालक मराठ्यांच्या छावणीकडे बघतोय.

शेवटच्या भागात एक वाक्य होतं, पोऱ्या मोठा झाल्यावर सगळं समजावून सांगतो असं. रेकॉर्डिंगही झालं होतं. तिसऱ्यांदा ऐकताना ते कापलं, आणि आता भाग वल्ह्याच्या आवाजावर संपतो. तुमच्यापैकी दोघांनी मेसेज करून विचारलं की ऑडिओ मध्येच तुटला का. नाही तुटला. तेवढाच आहे.