साक्ष सरांची, सलाम अरबीचा

परदेशी विद्यापीठात प्रवेश घ्यायचा म्हटलं की प्राध्यापकांचं शिफारसपत्र आलंच. ते बहुधा इंग्रजीत असतं आणि पुष्कळ ठिकाणी इंग्रजी चालूनही जातं. पण रियाधला किंवा कैरोला अरबी माध्यमातून शिकायचं असेल, तर पत्राला अरबी अनुवाद जोडलेला बरा. कधी तो मागितलाच जातो. मी असले अनुवाद करतो. आज त्यातल्या एकाच पत्राबद्दल बोलणार आहे. मुंबईची एक विद्यार्थिनी, अरबी विषय घेऊन बी. ए. झालेली. तिला रियाधच्या एका विद्यापीठात एम. ए. करायचं होतं. तिच्या सरांनी छान, आटोपशीर, एका पानाचं इंग्रजी पत्र दिलं होतं.

पत्र ‘डिअर सर’नं सुरू होऊन ‘युअर्स सिन्सिअरली’नं संपत होतं. हे दोन्ही अरबीत शब्दशः नेलं तर पत्र वाचणाऱ्याला विचित्र वाटतं. ‘डिअर’साठी अरबीत ‘अज़ीज़ी’ हा शब्द आहे, पण तो जवळच्या माणसाला शोभतो. प्रवेश विभागाच्या अधिष्ठात्यांना लिहायचं तर ‘सआदत’ ही पदवी आधी आणि ‘अल्-मुहतरम’, म्हणजे माननीय, नंतर. सौदीत विद्यापीठाच्या अध्यक्षांना ‘सआदत’ पुरत नाही, त्यांना मंत्र्यांसारखं ‘मआली’ लागतं. त्यानंतर ‘तहिय्या तय्यिबा, व बाद’ असं येतं. आपल्या जुन्या पत्रांतलं ‘सा. न. वि. वि.’ आठवा, अगदी तेच काम हे शब्द करतात. शेवटी आपला परमोच्च आदर स्वीकारण्याची कृपा व्हावी, अशा अर्थाचं एक लांबलचक वाक्य येतं. सरांनी यातलं काहीच लिहिलं नव्हतं, तरी मी ते बिनदिक्कत घातलं. ही पत्राची चौकट आहे आणि ती ज्या भाषेत पत्र जातं त्या भाषेची असते.

मात्र विद्यार्थिनीचा आग्रह होता की सगळ्यात वर ‘बिस्मिल्लाह’ हवंच, तिथं तशीच पद्धत आहे. पद्धत आहे, खरं आहे. पण सर मुसलमान नाहीत आणि त्यांनी तसं लिहिलेलंही नाही. दुसऱ्याच्या तोंडी ईश्वराचं नाव घालणं चौकटीत बसत नाही. ‘तहिय्या तय्यिबा’ कुठल्याही धर्माच्या माणसाला वापरता येतं आणि त्यात कसलीही उणीव राहत नाही.

आता मधला मजकूर. इथं मात्र अनुवादकानं हात आखडता घ्यायचा. सरांनी लिहिलं होतं, गेल्या आठ वर्षांत मी शिकवलेल्या विद्यार्थ्यांपैकी पहिल्या पाचांत ही मुलगी बसते. वाक्य सोपं दिसतं. पण इंग्रजीत ‘स्टुडंट’ला लिंग नाही आणि अरबीत ते टाळताच येत नाही. ‘खम्सतु तुल्लाब’ म्हटलं तर मुलगे-मुली मिळून पाच विद्यार्थी. ‘खम्सु तालिबात’ म्हटलं तर फक्त मुलींमधल्या पाच. गंमत अशी, की ज्याच्याबद्दल लिहायचं ती मुलगी असल्यानं हात आपोआप ‘तालिबात’कडे जातो. व्याकरण त्यात काही चुकत नाही. शिवाय रियाधसारख्या ठिकाणी मुलींचे वर्ग वेगळे भरत आलेले, त्यामुळे वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही. तो एवढंच समजेल की ही मुलींमध्ये पहिल्या पाचांत आहे. म्हणजे सरांची साक्ष अर्ध्यावर येणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. मी सरांना फोन केला. “सर, हे पाच मुलींमधले की सगळ्या वर्गातले?” सर म्हणाले, “अहो, सगळ्या वर्गातले! मुलं-मुली असं कशाला वेगळं करीन?” मग ‘तुल्लाब’ पक्कं झालं.

दुसरा खड्डा पदवीचा. तिची बी. ए. चार वर्षांची, ऑनर्स. आपल्याकडे २०२०च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर चौथं वर्ष पूर्ण केलं की पदवीला ऑनर्स लागतं, तो अभ्यासक्रमाचा प्रकार आहे. शब्दकोशात मात्र ऑनर्ससमोर ‘मर्तबतुश्शरफ’ सापडतं, आणि सौदी विद्यापीठांत तो बहुमान फार वरचे गुण मिळवणाऱ्यालाच देतात. ते लिहिलं असतं तर आपण तिला न मिळालेलं पदक लावून पाठवलं असतं. पुढं गुणपत्रिका उघडली की खोटेपणाचा संशय येणार तो मुलीवर, अनुवादकावर नव्हे. म्हणून मी ऑनर्स हा शब्द अरबी लिपीत जसाच्या तसा ठेवला आणि पुढं ‘चार वर्षांचा अभ्यासक्रम’ असं लिहिलं. ‘डिस्टिंक्शन’चंही तसंच. त्याला ‘मुमताज़’ म्हणायचा मोह होतो, पण मुमताज़ ही तिकडची ठरलेली श्रेणी आहे. आपले गुण आपल्याच मापात सांगावेत, दहापैकी ८.४. त्यांच्या मापात रूपांतर करायचं असेल तर ते विद्यापीठ करील. जाता जाता, हेच पत्र मोरोक्कोला जाणार असतं तर आणखी एक घोळ होता. रियाधला ‘बकालोरियुस’ म्हणजे बी. ए., तर मोरोक्कोत ‘बकालोरिया’ म्हणजे शाळा संपतानाची परीक्षा. तिथं पदवीला ‘इजाज़ा’ म्हणतात.

पत्रात एक नावडतं वाक्यही होतं. सुरुवातीला ही मुलगी वर्गात बोलायला कचरायची, शेवटच्या वर्षी चर्चेत पुढाकार घेऊ लागली. विद्यार्थिनी म्हणाली, पहिला भाग गाळा ना. उरलेलं पत्र स्तुतीनं भरलेलं आहे आणि अरबीत स्तुती पानभर वाढवणं हातचा मळ. पण प्रवेश समितीपुढं विशेषणांनी भरलेल्या पत्रांचा ढीग असतो. माझ्या मते त्या पत्रातलं सर्वांत विश्वासार्ह वाक्य तेच होतं. आणि मुख्य म्हणजे ते सरांचं होतं. ते राहिलं.

सहीचं काय करायचं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. काही जण अरबी मजकूर थेट कॉलेजच्या लेटरहेडवर छापून घेतात आणि त्यावर सरांची सही मागतात. मी त्याला ठाम विरोध करतो. अरबी न जाणणाऱ्या माणसानं स्वतःला वाचता न येणाऱ्या कागदावर सही का करावी? मूळ इंग्रजी पत्र सहीशिक्क्यासह तसंच राहू द्यावं. अनुवाद वेगळ्या कागदावर असावा. त्यात सहीच्या जागी चौकटी कंसात ‘सही’ आणि शिक्क्याच्या जागी ‘शिक्का’ असे शब्द लिहावेत, आणि तळाशी अनुवादकानं अनुवाद मुळाबरहुकूम असल्याचं सांगून आपली सही आणि शिक्का द्यावा.

शेवटी संगणकावरची एक खोडी. अरबी उजवीकडून डावीकडे, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. मध्ये रिकामी जागा सोडून ‘8.4 / 10’ टंकलं की पानावर ते ‘10 / 8.4’ असं उमटतं. म्हणून तिरकी रेघ काढून दोन आकड्यांमध्ये ‘मिन’, म्हणजे ‘पैकी’, हा शब्द घालावा. फोन नंबरची तर पार उलथापालथ होते. जागा सोडून लिहिलेल्या नंबरातले गट उलट क्रमानं लागतात आणि `+91` मधलं अधिकचं चिन्ह मागं जाऊन बसतं. पडद्यावर हे लक्षात येत नाही, कारण नंबर आपल्याला पाठ असतो. प्रवेश विभागातल्या कुणाला सरांशी बोलून खात्री करून घ्यायची असेल, तर तो नंबर लागणारच नाही. त्यामुळे अनुवाद छापून कागद हातात घ्यावा, नंबर न ओळखणाऱ्या कुणाला तरी तो द्यावा आणि दिसतो तसा फिरवायला सांगावा. सरांनी फोन उचलला की मग पाकीट बंद करावं.