सत्काराला उत्तर



जीवनगौरव म्हटलं की माणूस निवृत्तच वाटतो, पण मी अजून बटाट्याच्या शेतात जातो! मंडळाचे आणि घरी हिचे आभार. एवढेच पुरे.

माझं काम करप्यावर. १८४५ च्या दुष्काळाला कारण झालेला हाच रोग. नाशिकच्या द्राक्षांवरची डावणी त्याच्याच गोत्रातली. ऑस्टिन बर्क यांनी १९५३ मध्ये नियम बांधला: सलग १२ तास तापमान १० अंशांवर, आर्द्रता ९० टक्क्यांवर आणि पुढे ४ तास पानं ओली, की लागणीचा धोका. पण यंत्र हवामान केंद्रात, बटाटा वाफ्यात! पानांच्या गर्दीत ओल जास्त टिकते. म्हणून सकाळी पान उलटून बघतो. डागाभोवती पांढरी लव दिसली, की फवारणीला उशीर झालेला असतो.

उद्या सहालाच निघायचंय, रात्रभर पाऊस आहे.