नाव बदलले की माणूस लपतो का?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या उपनगरांत एक नवीच वर्दळ सुरू होते. पाठीला पिशवी, हातात कॉलेजचे पत्र आणि मोबाइलमध्ये वीस-पंचवीस प्रश्न घेतलेली मुलेमुली अंधेरीच्या चाळींत, बोरिवलीच्या मासळीबाजारात, घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत दारे ठोठावत हिंडताना दिसतात. हल्ली अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली आहे, आणि इंटर्नशिप म्हटली की अहवाल आला, अहवाल म्हटला की मुलाखती आल्या. अशा मुलांना वाट दाखवण्याचे काम मी काही वर्षे केले. त्यातली मुलुंडची एक हकिगत आज सांगणार आहे.

एक मुलगी एका संस्थेतर्फे घरकाम करणाऱ्या बायकांचा अभ्यास करीत होती. बारा मुलाखती घ्यायच्या होत्या. पहिली तिने घेतली ती एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या दारात. घरची मालकीण ओळखीची होती. ती म्हणाली, "विचार की, आमची बाई काही नाही म्हणायची नाही." बाई खरोखरच नाही म्हणाल्या नाहीत. पोळ्या लाटता लाटता सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली: पगार वेळेवर मिळतो, सुट्टी मिळते, दिवाळीला साडी मिळते, काही तक्रार नाही. मुलीने खाली सहीसुद्धा घेतली.

मी ते कागद वाचले आणि तिला म्हटले, ही मुलाखत बाजूला ठेव. या बाईने संमती दिली ती तुला नव्हे, मालकिणीला. ज्याच्या हातात आपली भाकरी आहे त्याच्यासमोर दिलेला होकार कागदावर कितीही शुद्ध दिसला तरी तो होकार नसतो. हे ओळखण्याची एक खूण आहे. सगळी उत्तरे गुळगुळीत आली, एकही उत्तर अडखळले नाही, तर समजावे की जागा चुकली.

मग जागा बदलली. या बायका सकाळी सातच्या सुमारास कामाला चढतात आणि दीड-दोनला उतरतात. त्यानंतर घरी जाऊन स्वतःची चूल पेटेपर्यंत अर्धापाऊण तास मिळतो. मुलगी वस्तीवर जाऊ लागली, वॉचमनच्या केबिनपासून आणि सोसायटीच्या वहीपासून लांब. वॉचमनची वही म्हणजे काय, तर कोण कोणाला केव्हा भेटले याची नोंद! तिथे नाव चढले की गुप्तता पहिल्याच दिवशी संपली.

वस्तीवर मात्र दुसराच घोटाळा झाला. आपल्याकडे २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यामुळे हातात कागद असलेली मुलगी दिसली की बायकांना वाटे, मंडळाच्या नोंदणीसाठी आली. मुलीने सांगितलेही होते की मी कॉलेजची, अभ्यासासाठी आले आहे. बायकांनी माना डोलावल्या होत्या. पण मान डोलावणे म्हणजे कळणे नव्हे. मी तिला एक साधी गोष्ट करायला सांगितली. सगळे सांगून झाले की प्रश्न सुरू करण्याआधी विचारायचे, "मावशी, मी कशासाठी आले असं तुम्हाला वाटतं?" पहिल्याच मावशी म्हणाल्या, "आमचं कार्ड करायला." दुसऱ्या म्हणाल्या, "पगार वाढवून द्यायला." तेव्हा मुलीच्या ध्यानात आले की ती फायद्याच्या आशेवर होकार गोळा करीत होती.

मग तिचे सांगणे आम्ही पुन्हा बसवले. छापील पत्रक असते त्या भाषेत नव्हे, तोंडाने बोलता येईल असे. ते साधारण असे होते: "मी अमुक कॉलेजात शिकते. घरकामाविषयी अभ्यास लिहितेय. यातून तुमचं कार्ड होणार नाही, पैसेही मिळणार नाहीत. अर्धा तास लागेल. एखादा प्रश्न नको वाटला तर सोडून देऊ, मध्येच उठावंसं वाटलं तर उठा, मला कारण सांगू नका. तुमचं नाव मी लिहिणार नाही. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत तुम्ही सांगितलंत तर तुमचं सगळं काढून टाकीन. त्यानंतर सगळ्यांचं एकत्र होईल, मग वेगळं काढता येणार नाही." शेवटचे वाक्य मुले नेहमी विसरतात. 'केव्हाही माघार घ्या' असे उदारपणे सांगतात, आणि अहवाल छापून झाल्यावर कोणी माघार घेतली की त्यांच्यापाशी उत्तर नसते. जे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगावी लागते. कितीही गुप्तता म्हटली तरी तिला कुंपण आहे. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवावेच लागते. विद्यार्थी आहे म्हणून सूट नाही. तेव्हा 'तुम्ही काहीही सांगा, माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही' हे वाक्य प्रेमाचे असले तरी खोटे आहे. बाईने बोलून टाकल्यावर नव्हे, बोलण्याआधी हे सांगायला हवे.

आता सहीचे. सही घेतली की काम चोख झाले असे मुलांना वाटते. वस्तीतल्या माणसाला मात्र अंगठा म्हटला की कर्जाचा कागद आठवतो, नाही तर घर खाली करण्याचा. शिवाय गंमत पाहा, सगळ्या अभ्यासात बाईचे खरे नाव असलेला कागद कोणता? तर तिचे नाव लपवण्याचे वचन देणारा तोच संमतीचा कागद! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत लिहितावाचता न येणाऱ्यासाठी अंगठा आणि त्रयस्थ साक्षीदार सांगितला आहे, आणि योग्य कारण असेल तर तोंडी संमतीलाही वाव ठेवला आहे. साक्षीदार म्हटले की मुले शेजारणीला बोलावतात. म्हणजे शेजारणीला कळलेच की हिने मुलाखत दिली! आम्ही कॉलेजची परवानगी काढून तोंडी संमती घेतली. तारीख, वेळ, काय सांगितले आणि बाई काय म्हणाल्या, एवढे मुलीने वहीत लिहायचे. नावाऐवजी नुसता आकडा. नाव आणि आकडा यांची जोडयादी एकच, तीही वेगळ्या ठिकाणी कुलपात.

रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी विचारायची. बोलायला तयार असलेले माणूस आवाज द्यायला तयार असतेच असे नाही, कारण आवाज हीसुद्धा ओळखच आहे. आणि मोबाइल हा मोठा चहाडखोर प्राणी आहे. रेकॉर्डिंग तुमच्या नकळत दूरच्या साठ्यात चढवतो, फोटोत जागेचा ठावठिकाणा टिपून ठेवतो. म्हणून आधी ती आपोआप चढवण्याची सोय बंद करायची, फोटो काढायचाच नाही, उतरवून घेतले की रेकॉर्डिंग पुसायचे, आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटावर 'आज काय भारी मुलाखत मिळाली' म्हणून पाठवायचे नाही. यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड.

इतके सगळे झाल्यावर अहवालाचा कच्चा मसुदा आला. त्यात एक बाई होत्या, त्यांना मुलीने 'सुमन' असे नाव दिले होते. सुमनबाई एका घरी स्वयंपाक करतात. त्या घरी काम मिळावे म्हणून त्यांनी आपली जात दुसरीच सांगितली होती, आणि बारा वर्षे ती तशीच निभावली होती. ही हकिगत त्यांनी मुलीला तिसऱ्या भेटीत सांगितली. अहवालातली ती सर्वांत जिवंत जागा होती. मुलगी तर हरखून गेली होती.

मी तिला म्हटले, हे पान घेऊन त्यांच्याकडे जा आणि एकट्या असताना वाचून दाखव. तिने दाखवले. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, नाव बदललंत हे चांगलं केलंत. पण नवरा जालन्याला, पोरगा पोलिस भरतीला रोज पहाटे पळतो आणि आई तीन घरी स्वयंपाक करते, असं आख्ख्या पाड्यात एकच घर हाय. नाव कशाला लागतंय?"

ही फसगत नवी नाही. अमेरिकेत विडिच आणि बेन्समन या दोघा अभ्यासकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका खेड्यावर १९५८ साली पुस्तक काढले. खेड्याचे नाव बदलून 'स्प्रिंगडेल' केले, माणसांची नावे बदलली. गावकऱ्यांनी पुस्तक वाचले आणि प्रत्येकाने प्रत्येकाला ओळखले. मग चार जुलैच्या मिरवणुकीत लोक पुस्तकातली ती खोटी नावे लावून, मुखवटे घालून निघाले, आणि सर्वांच्या शेवटी शेणखताच्या गाडीवर लेखकाचा पुतळा! मुखवटे खेड्यातल्या लोकांनी हौसेने घातले. आमच्या सुमनबाईंची मात्र नोकरी गेली असती. परक्याला न ओळखणारे नाव शेजाऱ्याला ओळखू येते, आणि धोका असतो तो शेजाऱ्याकडूनच.

मग आम्ही मसुदा घेऊन बसलो. प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारला: याच्यावाचून आपले म्हणणे अडते का? जालना गेले, 'मराठवाडा'ही गेला, 'बाहेरगाव' पुरले. पोलिस भरती गेली. बारा वर्षांची 'दहाहून अधिक वर्षे' झाली. इमारतीचे मजले, रस्ता, स्टेशनची बाजू काढली, 'मुलुंड' राहिले. खोटे तपशील मात्र घातले नाहीत. मुलाच्या जागी मुलगी करावी असे मुलीने सुचवले होते. पण उद्या कोणी त्यावरून निष्कर्ष काढला तर तो चुकेल. धूसर करणे आणि बनवणे यांत फरक आहे.

एक गाठ राहिलीच. 'सुमन' या नावाखाली पगाराचे वाक्य पान सहावर, आजारपणाचे अकरावर आणि जातीचे सतरावर होते. तिन्ही जोडली की पुन्हा तीच बाई उभी राहते. म्हणून जातीची गोष्ट त्या नावापासून तोडायची ठरली. पण त्याआधी बाईंना विचारणे भाग होते, ती गोष्ट ठेवायची की नाही. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "राहू द्या. पण माझ्या तोंडात नको." शेवटी अहवालात एवढेच आले की काम मिळवण्यासाठी जात लपवावी लागल्याचे मुलाखतींतून पुढे आले. किती जणींनी, कोणी, कुठल्या घरी, काही नाही. मुलीला ते फिके वाटले, आणि ते फिके होतेही. बाईंच्या बोलण्यातली धार गेली होती. ती किंमत मोजावी लागते, आणि ती अभ्यासकाने मोजायची असते.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल, मग आज रेडिओवर तुम्ही हे सांगता कसे? बाईंना विचारून सांगते. त्यांनी ते काम सोडले त्यालाही आता काळ लोटला. आणि जालना, पोलिस भरती, बारा वर्षे हे जे मी आत्ता बोलले, त्यातले एकही खरे नाही. बोलणाऱ्याला जिवंत गोष्ट सांगण्याचा मोह सुटत नाही, म्हणून अहवालात जे करू दिले नाही ते मी येथे केले. या तपशिलांवरून कोणी काही निष्कर्ष काढू नये.

अहवाल पुरा झाल्यावर जोडयादी फाडली. मुलगी एक प्रत घेऊन बाईंना द्यायला गेली. त्यांनी ती हातात घेतली, पाने चाळली, आणि परत दिली. म्हणाल्या, "घरात नको ठेवायला. पोराला वाचता येतं."