शेवटचा रुपया

भुकेल्याला पहिली भाकरी जे समाधान देते ते चौथी देत नाही, हे सांगावयास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. परंतु हातात मोजके पैसे आणि समोर अनेक वस्तू असता कोठे थांबावे, हा प्रश्न तितका सोपा नाही. हेरमान गोसेन या माजी प्रशियन सरकारी नोकराने त्याचे उत्तर १८५४ साली एका ग्रंथात मांडले आणि आपल्या कार्याची तुलना कोपर्निकसच्या कार्याशी केली. ग्रंथाला गिऱ्हाईक मात्र मिळेना. १८५८ साली त्याने उरलेल्या प्रती विक्रीतून काढून घेतल्या, आणि त्याच वर्षी तो वारला.

त्याचे म्हणणे फळांच्या दुकानात नीट समजते. एका गृहिणीजवळ शंभर रुपये आहेत. आंबा वीस रुपयांना एक, केळे पाच रुपयांना एक. एकामागून एक घेतलेल्या आंब्यांपासून तिला मिळणारे समाधान १००, ८०, ६०, ४० आणि २० असे आहे, तर केळ्यांपासून मिळणारे ३०, २०, १५, १० आणि ५ असे. दर नगागणिक पडणारी ही भर म्हणजेच सीमान्त उपयोगिता. ती उतरत जाते.

येथे एक चूक हटकून होते. चौथा आंबा ४० देतो आणि चौथे केळे केवळ १०. तेव्हा आंबेच घ्यावेत, असे वाटते. पण पाचव्या आंब्यासाठी वीस रुपये हवेत, म्हणजे चारही केळी सोडावयास हवीत. मिळतील २०, जातील ७५! तुलना नगाची नव्हे, रुपयाची करावयाची. चौथ्या आंब्यावरील रुपया दोन मात्रा देतो, चौथ्या केळ्यावरील रुपयाही दोनच. चार आंबे आणि चार केळी येथे शंभर रुपये संपतात, आणि रुपया इकडून तिकडे हलवून लाभ होत नाही.

आता केळे दहा रुपयांना झाले. चौथ्या केळ्यावरील रुपया आता एकच मात्रा देईल. दुसऱ्यावरचा मात्र दोन. म्हणून गृहिणी चार आंबे कायम ठेवून केळी दोनच घेते. भाव वाढला की मागणी का घटते, याचा उलगडा येथेच होतो.

हे आकडे अर्थात कल्पिलेले आहेत; समाधान तराजूत घालता येत नाही. सर्व आकडे दुप्पट केले तरी खरेदी तीच राहते, हे लक्षात घेतले म्हणजे ती अडचण फारशी बाधत नाही. खरी मर्यादा निराळी. एखाद्या महाग वस्तूचा पहिलाच नग रुपयागणिक इतके थोडे समाधान देतो की ती घेतलीच जात नाही. तेथे समानता साधत नाही. शिवाय आंब्याची गोडी केळ्यांच्या संख्येवर अवलंबून नाही, असे येथे धरले आहे. चहा आणि साखरेच्या बाबतीत तसे धरून चालणार नाही.

जेव्हन्सने १८७१ साली गोसेनचे नावही ठाऊक नसताना हाच नियम मांडला. पुढे तो ग्रंथ कळताच १८७९ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने अग्रमान गोसेनला दिला. तोवर गोसेनला जाऊन एकवीस वर्षे झाली होती.