संध्याकाळचं ताट

(गणेशोत्सवात आरतीनंतर मदत निधीच्या वतीने केलेल्या निवेदनाचा मजकूर. त्या दिवशी येऊ न शकलेल्यांसाठी इथे देत आहोत. निधीचं पाकीट अंकासोबत जोडलं आहे.)



मंडळी, प्रसाद वाटायला अजून पंधरा मिनिटं आहेत असं स्वयंपाकघरातून कळलंय. त्यातली दहा मी घेणार आहे. पैसे मागायलाच उभी आहे, ते आधीच सांगते, म्हणजे शेवटी कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको.

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातलं एक गाव आहे. मी जानेवारीत तिथे चार दिवस राहून आले. गावात गेल्यावर पहिल्यांदा जाणवतात ती कुलपं. दसरा झाला की मुकादमांच्या गाड्या येतात आणि दिवाळीच्या मागेपुढे अर्धंअधिक गाव ऊस तोडायला कोल्हापूर, सांगलीकडे, कर्नाटकात निघून जातं. परतायचं ते मार्च-एप्रिलमध्ये. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती पावसाळ्यातच दुकानदाराला, दवाखान्याला, कुणाच्या लग्नाला खर्च झालेली असते. पुढचे पाच महिने ती फेडायची. एक दिवस अंगावर काढता आला नाही, तर तो खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात.

मग मुलांचं काय करायचं? बरीच मुलं आईबापांबरोबर जातात. फडाजवळ ताडपत्रीची कोपी असते. आई पहाटे अंधारात फडात जाते, आणि आठ-नऊ वर्षांची मोठी मुलगी धाकट्याला सांभाळत, पाणी भरत कोपीत बसते. थोडी मोठी झाली की मोळ्या बांधायला लागते. मार्चमध्ये परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशी दोन-तीन वर्षं गेली की ती शाळेत येतच नाही, आणि घरचे स्थळं बघू लागतात.

शाळा गावात आहे. शिक्षक आहेत. दुपारी शाळेत पोषण आहार मिळतो. मग मूल मागे का राहू शकत नाही? मी हाच प्रश्न एका आजींना विचारला. त्यांना एका डोळ्याने दिसत नाही, नात तिसरीत आहे. त्या म्हणाल्या, “दुपारचं शाळा बघती बाई. रातच्याला कोण बघणार?”

सगळं त्या ‘रातच्याला’ अडतं. संध्याकाळचं जेवण आणि मुलीला रात्री सुरक्षित झोपायला जागा, एवढ्या दोन गोष्टी नसल्या की आई पोरीला सोबत नेते. मीही तेच केलं असतं. तालुक्याच्या गावी सरकारची वसतिगृहं आहेत, पण ती मोठ्या मुलांसाठी. तिसरीतलं मूल तिथे जात नाही.

आपण ज्या छोट्या संस्थेला मदत करतो ती एवढंच करते. मागे राहिलेल्या गावातल्याच दोन बायका संध्याकाळी भाकरी, वरण, एखादी भाजी करतात, सकाळी चहा आणि शेंगदाण्याचा लाडू किंवा पोहे. मुलगे जेवून आजी-आजोबांकडे झोपायला जातात. मुली शाळेच्या एका खोलीत, एका ताईंबरोबर. त्या खोलीला आतून कडी आहे, बाहेर दिवा आहे, आणि शौचालय दहा पावलांवर आहे. हे तिन्ही बघितल्याशिवाय मी परत यायचं नाही, असं माझ्या सासूबाईंनी बजावलं होतं.

त्या आजींची नात तिथेच झोपते. रात्री आठनंतर, गाडी भरून झाली की आयांचे फोन येतात. ताईंचा एकच फोन, त्यामुळे रांग लागते, प्रत्येकीला दोन मिनिटं. ही पोर फोनवर फारसं बोलत नाही, नुसतं हं, हं. आईचा पहिला प्रश्न रोज तोच, जेवलीस का? मग ही सगळं सांगते, किती भाकरी, कशाची भाजी. आणि शेवटी स्वतः विचारते, “कोपीत परत विंचू निघाला का?” आदल्या वर्षी ती तिथे होती.

आता आमच्या अडचणी. मागच्या हंगामात ३२ मुलं राहिली आणि ५ मधूनच गेली. त्यातल्या एका मुलीच्या आईला बाळ झालं, आणि बाळाकडे बघायला कुणी नाही म्हणून वडील तिला घेऊन गेले. तिला आम्ही थांबवू शकलो नाही. दुसरं असं की शाळेच्या पटावरून यश मोजता येत नाही. नाव पटावर असतं आणि मूल फडात असतं. म्हणून आम्ही संस्थेकडून हजेरीपत्रक मागत नाही, रोज रात्री किती ताटं वाढली त्याची वही मागतो. जानेवारीत मी न सांगता जाऊन एक रात्र मोजली. वहीत २९ होती, माझीही २९ भरली.

काहीजण म्हणतात, थेट कुणाच्यातरी खात्यावर पाठवून देऊ. तसं करू नका. आपल्या ट्रस्टचा पैसा भारतात परदेशी देणगी ठरतो. तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी लागते, आणि तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. मिळालेला पैसा संस्था दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही. या संस्थेची नोंदणी आहे, त्यामुळे आपला पैसा सरळ तिथे पोचतो.

एका मुलाचा खर्च दिवसाला साधारण ६० रुपये, त्यात स्वयंपाक करणाऱ्यांचं आणि ताईंचं मानधनही आलं. दीडशे दिवसांचे ९,००० रुपये. पौंडाला ११० रुपये धरले तर सुमारे ८२ पौंड. पण तुम्ही द्यायचे फक्त ६६. तुम्ही इथे कर भरत असाल तर गिफ्ट एडमुळे प्रत्येक पौंडावर २५ पेन्स ट्रस्टला सरकारकडून मिळतात, आणि ६६ चे साडेब्याऐंशी होतात.

देण्याची पद्धत एकच ठेवली आहे. चपलांच्या मांडणीशेजारी टेबलावर पांढरी पाकिटं आहेत. आत चेक किंवा रोख ठेवा. वर नाव, घरचा पत्ता, पोस्टकोड, तारीख लिहा आणि गिफ्ट एडच्या चौकोनात खूण करा. मागच्या वर्षी बऱ्याच पाकिटांवर पत्ताच नव्हता, ते पंचवीस-पंचवीस पेन्स बुडाले. भारतातून पाहुणे आलेल्या आई-बाबांनी आणि इथे कर न भरणाऱ्यांनी मात्र खूण करू नये. भरलेल्या करापेक्षा जास्त परतावा मागितला गेला तर फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. पैसे द्या, चौकोन रिकामा सोडा. ६६ जमत नसतील तर जमतील तेवढे. दहा पौंडांत अठरा दिवसांचं भागतं, खूण केली असेल तर जवळजवळ तेवीस दिवसांचं.

पाकीट दसऱ्याच्या आत पेटीत पडायला हवं. कारण मुकादमाची गाडी दाराशी येते तेव्हा आईबाप ठरवतात, पोरीला चढवायचं की आजीजवळ ठेवायचं. तेव्हा ताईंना हो म्हणता आलं पाहिजे. डिसेंबरात आलेल्या पैशाने ते होत नाही, तोवर पोर फडात पोचलेली असते.

ताटांची वही दर महिन्याला सूचना फलकावर लावू. पहिलं पान नोव्हेंबरअखेर येईल.

पाकिटं टेबलावर आहेत, पेनंही ठेवली आहेत. आता मोदक.