भाग: फोटोतल्या तक्त्यावरून एसटीचं भाडं कसं काढायचं?

एका श्रोत्याने प्रश्न पाठवलाय. त्यांची आई दर आठवड्याला एसटीने बाजाराला जाते. स्टँडवर लावलेल्या भाड्याच्या तक्त्याचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. पण त्यावरून काढलेलं भाडं आणि कंडक्टरने घेतलेलं भाडं जुळत नाही, नेहमी एका टप्प्याचा फरक पडतो. तर आज तेवढंच बघू.

आधी टप्पा म्हणजे काय, ते. एसटीचं भाडं थांब्यांवर नाही, टप्प्यांवर ठरतं आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. त्या सहा किलोमीटरमध्ये गाडी चार ठिकाणी थांबली तरी टप्पा एकच. म्हणून खिडकीतून थांबे मोजत बसलात, तर हिशेब चुकणारच.

आता समजा, फोटोत दोन भाग दिसतायत. डावीकडे मार्गावरच्या टप्प्यांची नावं: तालुक्याचं स्टँड ०, साखर कारखाना १, पुलाची वाडी २, तिठा ३, बाजारगाव ४, घाटमाथा ५. उजवीकडे किती टप्प्यांना किती भाडं, ते: एकाला ११ रुपये, दोनला २१, तीनला ३१, चारला ४१, पाचला ५१. आकडे उदाहरणापुरते धरलेत. तुम्ही तुमच्या तक्त्यातले घ्या.

आई साखर कारखान्यावर चढते आणि बाजारगावला उतरते. बोट ठेवून नावं मोजली तर कारखाना, वाडी, तिठा, बाजारगाव अशी चार होतात. म्हणून आपण ४१ रुपये म्हणतो, आणि इथेच गडबड होते. मोजायची ती नावं नाहीत, दोन नावांमधली अंतरं. कारखाना ते वाडी एक, वाडी ते तिठा दोन, तिठा ते बाजारगाव तीन. टप्प्यांचे क्रमांक छापलेले असतील तर सरळ वजाबाकी करा: ४ वजा १, म्हणजे ३. भाडं ३१ रुपये. कंडक्टर बरोबर होता.

पण समजा, आई कारखान्याच्या पुढच्या शाळेजवळ चढली. हा थांबा टप्प्यांच्या यादीत नाहीच. मग काय? अशा वेळी चढताना मागचा टप्पा धरतात आणि उतरताना पुढचा. म्हणजे शाळेजवळ चढली तरी मोजणी कारखान्यापासूनच, भाडं तेच ३१. आणि बाजारगाव सोडून पुढच्या वस्तीवर उतरली, तर मोजणी घाटमाथ्यापर्यंत जाते. ५ वजा १, चार टप्पे, ४१ रुपये. वस्ती बाजारगावपासून एकाच किलोमीटरवर असली तरी पूर्ण टप्पा लागतो. खिशात पैसे मोजून निघणाऱ्याला हे आधीच माहीत असलेलं बरं.

आता फोटोबद्दल. फोटो तिरका असला की नजर एक ओळ खाली घसरते. म्हणून मोबाइलवर कागदाची सरळ कड ठेवून ओळ वाचा. अंधूक फोटोत १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात. त्यावर सोपी तपासणी आहे. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत भाडं साधारण सारखंच वाढतं. आपल्या उदाहरणात प्रत्येक वेळी दहा. मध्येच ३१ नंतर ४९ वाचलं गेलं, तर तो आकडा ४९ नाही, ४१ आहे. एकच ओळ चालीत बसत नसेल, तर आकडा पुन्हा बघा.

साधी, निमआराम अशी प्रत्येक गाडीची भाडी वेगळी असतात, तेव्हा कॉलमच्या वरचं नाव फोटोत आलंय का ते आधी पाहा. हाफ तिकिटाचा कॉलम असेल तर भाडं तिथूनच वाचा. स्वतः निम्मं करू नका, कारण पूर्णांक करताना रुपयाचा फरक पडतो. ३१ चे निम्मे साडेपंधरा, पण साडेपंधराचं तिकीट निघत नाही.

शेवटचं, फोटोची तारीख. एसटीची भाडी २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढली. फोटो त्याआधीचा असेल, तर टप्पे बिनधास्त मोजा, पण भाडं नव्या तक्त्यातून घ्या. आणि गाडीच्या पाटीवरचं ‘मार्गे’ वाचायला विसरू नका. वळसा घालून जाणाऱ्या गाडीचे किलोमीटर वाढतात, म्हणून टप्पेही वाढू शकतात. तिचा तक्ता वेगळा.

तर त्या श्रोत्यांनी या वेळी आईचं भाडं आपल्या तक्त्यातून असं काढून बघावं. बाकी मंडळींनी आपल्या मार्गावरचा हिशेब करून बघा, आणि जुळला नाही तर फोटोसकट कळवा. भेटू पुढच्या भागात.