सायबर कॅफेतला संगणक आणि आपली खासगी माहिती

प्रवेशाचा अर्ज भरायला तुम्ही सायबर कॅफेत बसला आहात. क्रोम उघडल्यावर आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबा. काळसर रंगाची इन्कॉग्निटो खिडकी उघडेल. अर्ज तिथेच भरा. काम झाल्यावर लॉगआउट करा आणि इन्कॉग्निटोच्या सगळ्या खिडक्या बंद करा. लॉगआउट विसरलात आणि एक जरी खिडकी उघडी राहिली, तरी पुढचा माणूस तुमच्या खात्यात शिरू शकतो.

मात्र तुम्ही उतरवून घेतलेली गुणपत्रिका डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच राहते. ती हाताने पुसा, रिसायकल बिनमधूनही काढा. आणि इन्कॉग्निटो कॅफेच्या नेटवर्कपासून किंवा इंटरनेट कंपनीपासून तुम्हाला लपवत नाही. तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात, हे त्यांना कळू शकते.

साध्याच खिडकीत अर्ज भरून झाला असेल, तर हिस्टरी पुसणे हा उपाय उरतो. कंट्रोल, शिफ्ट, डिलीट दाबा. उघडलेल्या चौकटीत फक्त शेवटचा एक तास निवडलेला नाही ना, ते नीट बघा. तुम्ही दोन तास बसला असाल, तर पहिला तास तसाच राहील. कुकीजवरही खूण हवी.

म्हणून परक्या संगणकावर सुरुवातच इन्कॉग्निटोने करा, आणि उठण्यापूर्वी डाउनलोड्स फोल्डर एकदा उघडून पाहा.